शून्यावर शून्य आलं की आधी अवयव पाडा

अकरावीच्या गणितात ‘सीमा’ हे प्रकरण सुरू झालं की पहिली दोन-चार उदाहरणं अगदी सोपी वाटतात. x ची किंमत घातली की उत्तर हातात येतं. मग एक उदाहरण असं येतं, की किंमत घातल्यावर अंशातही शून्य आणि छेदातही शून्य. बरीच मुलं इथे ‘सीमा अस्तित्वात नाही’ असं लिहून मोकळी होतात. ज्यांनी पुढच्या वर्षाचं थोडं वाचलेलं असतं, ती लगेच विकलनाचा नियम बाहेर काढतात. दोन्ही गटांचं एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतं. शून्यावर शून्य हे उत्तर नसतं, ती माहिती असते, आणि पुढे काय करायचं ते त्या माहितीतच असतं.

छोट्या उदाहरणापासून सुरुवात करू. (x² − 4)/(x − 2) ही राशी घ्या आणि x ला 2 च्या जवळ न्या. थेट 2 घातला तर 0/0. पण x² − 4 म्हणजे (x − 2)(x + 2). वरचा आणि खालचा (x − 2) गेला की x + 2 उरतं, आणि सीमा 4 येते.

इथे एखादा चौकस विद्यार्थी हमखास अडवतो: ज्याची किंमत शून्य होते त्याने भागायचं कसं? शंका अगदी रास्त आहे. तिचं उत्तर सीमेच्या व्याख्येत आहे. x हा 2 च्या जवळ जातो असं म्हणताना x कधीही 2 नसतो. 1.9 असेल, 2.01 असेल, 2.0003 असेल, पण 2 नाही. म्हणून (x − 2) ही कितीही लहान असली तरी शून्य नसलेली संख्या आहे, आणि तिने भागायला काहीच हरकत नाही. मूळ राशी 2 पाशी अर्थहीन आहे आणि x + 2 ला तिथे 4 ही किंमत आहे. त्या एका बिंदूपुरत्या दोन्ही वेगळ्या आहेत, बाकी सगळीकडे तंतोतंत सारख्या. सीमेला आजूबाजूच्या बिंदूंशीच देणंघेणं असतं.

या अडचणीशी आपल्याकडचे गणिती फार पूर्वी झगडले आहेत. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असं सांगून टाकलं होतं. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त त्याहून चतुर वाट काढली. तिथे एक कोडं आहे: एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात त्याचाच अर्धा भाग मिळवला, तिनाने गुणलं आणि शून्याने भागलं, तर ६३ आले, ती संख्या कोणती? उत्तर १४. भास्कराचार्यांची युक्ती अशी, की पुढे आणखी क्रिया व्हायच्या असतील तर शून्याचा गुणाकार लगेच उरकायचा नाही, शून्य नुसतं गुणक म्हणून शेजारी ठेवायचं. शेवटी शून्याने भागायची वेळ आली की ते दोन्ही एकमेकांना काटतात. आजच्या कसोटीवर हे टिकत नाही, कारण त्यांचं शून्य खरंखुरं शून्य आहे. त्याच्या जागी शून्याकडे जाणारी, पण शून्य नसलेली संख्या ठेवली, की मात्र हीच कृती बिनचूक होते. गुणाकार घाईने उरकायचा नाही आणि सामाईक अवयव वेगळा ओळखता येईल असा जपायचा, हे तर आजही करायचंच आहे.

आता जरा दमदार उदाहरण घेऊ. x ला 3 कडे नेत या राशीची सीमा काढायची आहे:

(x³ − 4x² − 3x + 18) / (x³ − 5x² + 3x + 9)

3 घातला तर वर 27 − 36 − 9 + 18 = 0 आणि खाली 27 − 45 + 9 + 9 = 0. इथे नववीतला अवयव सिद्धांत आठवायचा. बहुपदीत a घातल्यावर शून्य आलं, तर (x − a) हा तिचा अवयव असतोच. म्हणजे वर (x − 3) आहे आणि खालीही (x − 3) आहे, हे एकही अवयव पाडण्याआधी नक्की झालं. बहुपदींच्या बाबतीत 0/0 म्हणजे अडथळा कोण आहे, हे नाव-गावासकट मिळणं. तो बाहेर कसा काढायचा, एवढंच ठरवायचं उरतं.

त्यासाठी नववीचाच संश्लेषक भागाकार पुरतो. अंशाचे सहगुणक मांडा: 1, −4, −3, 18. बाजूला 3. पहिला 1 तसाच खाली घ्या. तो 3 ने गुणून −4 मध्ये मिळवा, −1 आला. −1 ला 3 ने गुणून −3 मध्ये मिळवा, −6 आला. −6 ला 3 ने गुणून 18 मध्ये मिळवा, शून्य आलं. शेवटचं शून्य येणारच होतं. न आल्यास बेरजेत कुठेतरी चूक आहे, हे तिथेच कळतं. भागाकार x² − x − 6. छेदाचे सहगुणक 1, −5, 3, 9 यांवर हीच कृती केली की x² − 2x − 3 मिळतं.

एकेक (x − 3) काटला. आता 3 घालून बघा. वर 9 − 3 − 6 = 0, खाली 9 − 6 − 3 = 0. पुन्हा शून्यावर शून्य! इथे बऱ्याच जणांचा धीर सुटतो आणि आपली पद्धतच चुकली असं वाटू लागतं. खरं तर (x − 3) दोन्हीकडे दोनदा दडलेला होता आणि आपण त्याला एकदाच बाहेर काढलं, एवढंच घडलंय. x² − x − 6 म्हणजे (x − 3)(x + 2), आणि x² − 2x − 3 म्हणजे (x − 3)(x + 1). दुसरा (x − 3) काटल्यावर (x + 2)/(x + 1) उरतं. 3 घातल्यावर उत्तर 5/4.

कॅल्क्युलेटरवर पडताळा घ्यायचा असेल तर x = 3.1 ला सुमारे 1.2439 आणि x = 3.01 ला सुमारे 1.2494 येतं, म्हणजे 1.25 कडे वाटचाल दिसते. पण हा पडताळा सुटसुटीत केलेल्या राशीवर घ्यावा. मूळ राशीत x = 3.00001 घालून पाहिलंत, तर अंशाची खरी किंमत 0.0000000005 च्या आसपास असते आणि ती 27, 36 अशा मोठ्या संख्यांच्या वजाबाकीतून निघायची असते. साधा दहा अंकी कॅल्क्युलेटर तेवढे अंक धरूनच ठेवत नाही. उत्तर भलतंच येतं, किंवा वर-खाली चक्क शून्यच दिसतं. राशी न सोडवता नुसत्या आकड्यांवर विसंबून राहण्यातला हा धोका आहे.

विकलनाच्या नियमाने हेच उदाहरण सुटत नाही असं नाही. लोपितालच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम त्याच्या १६९६ च्या पुस्तकात छापला गेला. त्याला तो शिकवला योहान बर्नुलीने. अंशाचं आणि छेदाचं वेगवेगळं विकलन करा, 0/0 आलं तर पुन्हा करा. आपल्या राशीत एकदा विकलन केलं की पुन्हा 0/0 येतं, दुसऱ्यांदा केलं की 10/8, म्हणजे 5/4. पण हात तिथेच थांबेल याची खात्री काय? यंत्रवत आणखी एकदा विकलन केलंत तर 6/6 = 1 येतं, दिसायला सुबक आणि साफ चूक. हा नियम 0/0 सारखं अनिश्चित रूप असेपर्यंतच चालतो, आणि प्रत्येक पायरीवर ते तपासणं विसरलं जातं. अवयव काटताना असा घसरायला वाव कमी, कारण काटण्याजोगं काही उरलं नाही की आपण आपोआप थांबतो. शिवाय विकलनाची व्याख्याच मुळात 0/0 ची एक सीमा आहे. जो अजून ती पायरी शिकतोय, त्याने तिचं उत्तर तिच्याच नियमाने काढणं माझ्या मते उगाचची उडी आहे.

अवयव काटून झाल्यावर काय उरेल, याचा मात्र नेम नसतो. (x² − 5x + 6)/(x − 2)² मध्ये x ला 2 कडे न्या. वर (x − 2)(x − 3) आहे, खाली (x − 2) दोनदा. एक जोडी काटली की (x − 3)/(x − 2) उरतं. आता वर −1 आणि खाली शून्य, म्हणजे काटायला काही नाही. 2 च्या डावीकडून आलात तर किंमत बेसुमार वाढत जाते, उजवीकडून आलात तर ऋण बाजूला बेसुमार घसरत जाते. ‘सीमा अस्तित्वात नाही’ हे वाक्य लिहायची जागा ही, आधी नव्हे. उलट, हा अवयव खाली एकदाच आणि वर दोनदा असता तर सीमा शून्य आली असती.

पेपर तपासणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त गुण कुठे जातात. अवयवांऐवजी पदं काटण्यात. (x² − 4)/(x − 2) मध्ये x² वर x मारून आणि 4 वर 2 मारून कुणी x − 2 लिहितो, कुणी x + 2. दुसऱ्याचं उत्तर योगायोगाने बरोबर येतं आणि चूक झाकली जाते. काटता येतं ते फक्त पूर्ण अंशाला आणि पूर्ण छेदाला गुणणारं. दुसरी चूक चिन्हाची: 2 − x म्हणजे −(x − 2), आणि हा उणे बाहेर काढायला विसरलं की उत्तर नेमकं उलट्या चिन्हाचं येतं.

वर्गमूळ दिसलं की ही पद्धत संपली, असंही समजू नका. (√x − 2)/(x − 4) मध्ये x ला 4 कडे न्यायचं आहे. छेदाकडे वर्गांच्या फरकासारखं बघा: x − 4 म्हणजे (√x − 2)(√x + 2). काटलं की 1/(√x + 2), उत्तर 1/4. (1 − cos x)/sin² x मध्येही x शून्याकडे जाताना sin² x च्या जागी (1 − cos x)(1 + cos x) लिहिलं, की 1/(1 + cos x) उरतं आणि उत्तर 1/2 येतं. मात्र (sin x)/x इथे ही वाट खुंटते. वर आणि खाली सामाईक असा अवयवच नाही. तिथे भूमितीचा आधार घेऊन सीमा सिद्ध करावी लागते, आणि जड हत्यारांची गरज अशा ठिकाणी खरोखर सुरू होते.

वहीत एक करून बघा: x ला 1 कडे नेत (x³ − 3x + 2)/(x³ − x² − x + 1). अंशात x² चं पद नाही, तेव्हा संश्लेषक भागाकारात त्याच्या जागी 0 मांडायला विसरू नका, आणि पहिल्या काटछाटीनंतर पुन्हा 0/0 आलं तर थांबू नका. उत्तर 3/2 यायला हवं.