न्याहारीनंतरची ती वीस मिनिटे
(भाग ५)

मागच्या भागात अन्न मोठ्या आतड्यापर्यंत कसे पोहोचते ते पाहिले. हे आतडे रात्री जवळजवळ निजलेले असते. सकाळी आपल्याबरोबर तेही जागे होते आणि पोटात अन्न पडले की हालचालीला जोर चढतो. जठर ताणले गेले की मज्जातंतू आणि संप्रेरके मोठ्या आतड्याला इशारा देतात, मग साठलेला मळ मलाशयाकडे ढकलला जातो. ही कळ बहुधा न्याहारीनंतर अर्ध्या तासाच्या आत येते. नुसत्या चहाने कित्येकांचे काम भागते, पण पोहे, उपमा किंवा दूध-भाकरी अशा पोटभर खाण्याने आतडे अधिक हलते.

आलेली कळ दाबली तर मलाशय सैलावते आणि कळ ओसरते. मळ आत थांबतो, त्यातले पाणी शोषले जाते आणि तो कडक होतो. पुढच्या वेळी दुखते, म्हणून मूल आणखी दाबून धरते.

दुसरीतल्या एका मुलीचे उदाहरण घेऊ. बस सातला, उठणे साडेसहाला, दूध घाईघाईत. कळ येते ती बसमध्ये. शाळेतल्या संडासाच्या दाराला कडी नाही, म्हणून ती दुपारपर्यंत दाबून धरते. काही महिन्यांनी चड्डीला डाग पडू लागतात आणि घरचे रागावतात. खरे तर आत साठलेल्या कडक मळाच्या कडेने पातळ मळ झिरपत असतो आणि तिला तो कळतही नाही. तिला रागावणे अन्यायाचे आहे.

तिच्यासाठी उठण्याची वेळ सहावर आणावी. सव्वासहाला न्याहारी, साडेसहाला संडास. कळ आली नसली तरी पाच ते दहा मिनिटे बसवावे. कमोड असेल तर पायांखाली छोटे स्टूल द्यावे, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा वर येतात. भारतीय पद्धतीच्या संडासात ही बैठक आपोआप जमते. किंचित पुढे झुकावे, श्वास रोखून कुंथू नये. हातात मोबाइल नको. झाले नाही तर उठावे. शाबासकी बसल्याबद्दल द्यावी, झाल्याबद्दल नव्हे. रविवारीही हाच क्रम ठेवावा. सवय लागायला काही आठवडे, कधी महिनेही जातात.

मात्र आत कडक मळ आधीच साठला असेल तर नुसत्या बसण्याने तो निघत नाही. आधी डॉक्टरांकडून मळ मऊ करणारे औषध घ्यावे लागते. ते लवकर बंद केले की दुखणे परतते, आणि मूल पुन्हा दाबून धरू लागते.

मोठ्यांनाही हाच क्रम लागू पडतो. रोज झालेच पाहिजे असे मात्र नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यात त्रास नसेल तर काळजीचे कारण नाही. पण मळात रक्त दिसले, वजन घटू लागले किंवा उतारवयात सवय अचानक बदलली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवा.