शेडमधले चाळीस दिवे

शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये संध्याकाळी सातच्या सुमाराला लाइट क्षणभर डुचकली. सीएनसी मशीनच्या स्क्रीन लगेच परत लागल्या, पंखे फिरू लागले, पण शेड मात्र काळोखातच राहिली. छताला टांगलेले ४०० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे एकदा विझले की गार झाल्याशिवाय परत पेटत नाहीत. दहा-बारा मिनिटं सगळे ऑपरेटर बनियनवाल्या चिंध्यांना हात पुसत मशीनशेजारी उभे होते. मग एकेक दिवा निळसर उजळत गेला, आणि दोन उजळलेच नाहीत.

मी ऊर्जा तपासणीचं काम करतो आणि त्या दिवशी तिथे होतो तो याच दिव्यांसाठी. मालकांच्या टेबलावर एका विक्रेत्याचं कोटेशन होतं. ४० दिवे काढून एलईडी बसवले तर वर्षाला ५ लाख ७० हजार रुपये वाचतील, असं त्यात लिहिलं होतं. गुणाकार बरोबर होता. त्यात घातलेले आकडे मात्र त्या शेडचे नव्हते.

विक्रेत्याने दोन पाळ्या म्हणून वर्षाला ४,८०० तास धरले होते. शेडच्या छतात पारदर्शक पत्रे आहेत, त्यामुळे सकाळी नऊनंतर वायरमन बरेचसे दिवे बंद करतो. आम्ही लायटिंगच्या पॅनेलमध्ये अवर मीटर बसवला. जुलैच्या ढगाळ हवेत तो जास्त धावला आणि उन्हाळ्यात कमी, म्हणून एका महिन्यावर विसंबलो नाही. वर्षाची सरासरी ३,००० तासांच्या आसपास आली. दुसरा घोटाळा विजेच्या दराचा. विक्रेत्याने बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट असा हिशेब करून युनिटला ११ रुपये धरले होते. पण उच्चदाब ग्राहकाच्या बिलात मागणी आकारही असतो आणि दिवे बदलल्याने तो आपोआप उतरत नाही. युनिटबरोबर खरोखर कमीजास्त होणारे आकार तेवढे वेगळे काढले, तर त्या बिलात दर साधारण ९ रुपये पडला.

वॅट मात्र मोजूनच घ्यावे लागतात. ४०० हा आकडा बल्बचा. वरचा चोकही वीज खातो, त्यामुळे एक फिटिंग ४३० वॅट ओढत होतं. त्याच्या जागी १६० वॅटचं एलईडी चालणार होतं. एवढ्या कमी वॅटमध्ये उजेड पुरेल का, ही मालकांची शंका रास्त होती. मेटल हॅलाइडचा बल्ब नवा असताना भरपूर प्रकाश देतो, पण तास वाढतील तसा मंदावतो. शिवाय कूलंटच्या तेलकट वाफेने रिफ्लेक्टर काळवंडलेले. लेथच्या उंचीवर लक्समीटर धरला तेव्हा २१० लक्स भरले. अशा मशीनकामाला ३०० तरी असावेत. एका ओळीत नमुन्याची एलईडी फिटिंग लावून पाहिली, तर त्याच जागी ३४० च्या वर आले. चाचणी अशी एका ओळीवर करूनच ऑर्डर द्यावी, कॅटलॉगवरून देऊ नये.

आता खरा हिशेब. एका फिटिंगमागे २७० वॅट वाचले, ४० फिटिंगचे १०.८ किलोवॅट. त्याला ३,००० तासांनी गुणलं की ३२,४०० युनिट, म्हणजे वर्षाला २,९१,६०० रुपये. विक्रेत्याच्या आकड्याच्या जेमतेम निम्मे.

यात दिवे बदलण्याचा वाचणारा खर्च मिळवायचा. तिथल्या व्होल्टेजवर बल्ब साधारण ९,००० तास टिकत होते, म्हणजे तीन वर्षं. ४० पैकी दरवर्षी १३ जात. बल्ब हजार रुपयांचा, पण तो २५ फुटांवर आहे. चाकांची शिडी आणायची, खालचं मशीन थांबवायचं, दोन माणसं लावायची. एकूण एका बल्बला १,५०० रुपये. चोक, इग्निटर, कपॅसिटर यांचे वर्षाला सरासरी साडेआठ हजार. सगळे मिळून २८,०००. विजेच्या बचतीच्या हा दहावा हिस्सासुद्धा नाही. पुष्कळ कोटेशनांत देखभालीची बचत फुगवून मांडलेली असते, म्हणून वायरमनची वही मागून ती ताडून पाहणं बरं.

वर्षाची बचत झाली ३,१९,६००. आता कुठलं फिटिंग घ्यायचं? समोर दोन पर्याय होते. एक चांगल्या बनावटीचं, बसवून १०,००० रुपयांना, पाच वर्षांच्या वॉरंटीचं. दुसरं बसवून ६,००० ला, दोन वर्षांच्या वॉरंटीचं. हे स्वस्तातलं एका वॅटमागे प्रकाश कमी देतं, त्यामुळे तेवढ्याच उजेडासाठी २०० वॅटचं घ्यावं लागणार होतं.

मालक म्हणाले, “अहो, सहा हजारवाले दहा-अकरा महिन्यांत फिटतात की. तुमच्या दहा हजारवाल्यांना सव्वा वर्ष लागतंय. मग कशाला?”

त्यांचं गणित चुकलं नव्हतं. स्वस्ताची गुंतवणूक २ लाख ४० हजार, बचत वर्षाला २ लाख ७६ हजार. चांगल्याची गुंतवणूक ४ लाख, बचत ३ लाख २० हजार. पैसे कधी फिटतात एवढंच पाहिलं तर स्वस्त जिंकतं. पण पैसे फिटल्यानंतरच्या वर्षांत काय होतं, हे त्या पद्धतीला दिसतच नाही. ते पाहण्यासाठी निव्वळ वर्तमान मूल्य काढायचं, ज्याला बँकेत सगळे एनपीव्ही म्हणतात.

त्यामागची कल्पना साधी आहे. मालकांना पैसा साधारण १२ टक्क्यांनी पडतो. म्हणून वर्षाने हाती येणारे १ लाख रुपये त्यांच्या लेखी आजच्या ८९,३०० रुपयांएवढे, आणि सात वर्षांनी येणारे १ लाख फक्त ४५,२०० एवढे. पुढच्या प्रत्येक वर्षाची बचत आणि खर्च असे आजच्या किमतीत आणायचे, बेरीज करायची आणि आजची गुंतवणूक वजा करायची. शिल्लक राहील तेवढा खरा फायदा. १२ टक्क्यांनी सात वर्षं दरसाल १ रुपया मिळत राहिला, तर त्याची आजची किंमत ४ रुपये ५६ पैसे होते. कागदावर एलईडीचं आयुष्य ५०,००० तासांचं असतं, पण मी सातच वर्षं धरली. कारण आधी जातो तो एलईडी नव्हे, त्याचा ड्रायव्हर.

ड्रायव्हर म्हणजे वीज हव्या त्या स्वरूपात पुरवणारी डबी. तिच्यातला कपॅसिटर उष्णतेने सुकत जातो. एप्रिलमध्ये पत्र्याखालची हवा तापलेली असते, त्यात फिटिंगच्या पंख्यांवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर, तेल आणि धूळ बसली की ड्रायव्हर आणखी लवकर जातो. शेजारी वेल्डिंग चालत असेल किंवा वळवाच्या विजा कडाडल्या तर लाइनवर उच्च व्होल्टेजचे झटके येतात. लायटिंगच्या पॅनेलमध्ये सर्ज प्रोटेक्टर नसेल तर एका पावसात ओळच्या ओळ जाऊ शकते. फिटिंग लुकलुकायला लागलं तर ड्रायव्हर जातोय असं समजावं. सगळीच फिटिंग सारखी मंद झाली असतील तर एलईडी उतरलेत किंवा काचेवर तेल बसलंय. नमुन्याच्या फिटिंगखाली मोबाइलचा कॅमेरा धरून पाहावा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर प्रकाश थरथरतोय, आणि अशा प्रकाशात फिरता चक थांबल्यासारखा किंवा सावकाश फिरल्यासारखा भासू शकतो. लेथपाशी हे धोक्याचं आहे. तिथे फिटिंग नाकारावं, किंमत कितीही असो.

चांगल्या फिटिंगसाठी मी सहाव्या-सातव्या वर्षी दरसाल चार ड्रायव्हर धरले, प्रत्येकी २,५०० रुपये. स्वस्ताची वॉरंटी संपली की वर्षाला दहा, आणि चौथ्या वर्षाअखेर सगळा संच नवा. ही गृहीतकं आहेत. ती मालकांना मोकळेपणाने सांगितली आणि बदलून पाहायला दिली.

उत्तर असं आलं. चांगल्या फिटिंगचं निव्वळ वर्तमान मूल्य सुमारे साडेदहा लाख, स्वस्ताचं सव्वाआठ लाख. सव्वादोन लाखांचा फरक आला कुठून, ते पाहण्यासारखं आहे. मधल्या काळातला नवा संच आणि ड्रायव्हर मोजले की स्वस्ताचा एकूण खर्च आजच्या किमतीत ४ लाख ३८ हजार होतो, चांगल्याचा ४ लाख १० हजार. म्हणजे सुरुवातीला वाटलेली स्वस्ताई पुरती निघून जाते, पण तफावत फार मोठी नाही. उरलेले जवळपास २ लाख त्या ४० वॅटचे आहेत. प्रत्येक दिवा तेवढी वीज जास्त खातो, आणि खात राहतो. चौथ्या वर्षी संच बदलावा लागेल हे माझं गृहीतक कुणी खोडून काढलं तरी हे २ लाख तसेच राहतात. मालकांना पटलं ते इथे. त्यांनी दहा हजारवाली ४० फिटिंग घेतली. कर आणि घसारा यांचा परिणाम त्यांच्या सीएने वेगळा काढला.

मग त्यांनी विचारलं, “गोदामातले वीस पण बदलून टाकूया का एकदमच?”

तयार मालाच्या गोदामात तसलेच २० दिवे होते, पण दिवसाला तीन तासच चालणारे. वर्षाचे ९०० तास. बचत ४,८६० युनिटची, म्हणजे ४३,७४० रुपये. सात वर्षांची तिची आजची किंमत बरोबर २ लाखांच्या आसपास भरते, आणि २० फिटिंगचा खर्चही २ लाखच. निव्वळ वर्तमान मूल्य जवळपास शून्य. शॉपमध्ये किरकोळ वाटलेला बल्बांचा खर्च इथे निर्णय करणार होता, आणि तो सरासरीने धरून चालणार नव्हतं. ९,००० तासांचा बल्ब इथे दहा वर्षं टिकतो. रॅकच्या मधली वाट मोकळी करून तो बदलायला २,००० रुपये पडतात. सगळे बल्ब आता दहा वर्षांचे असतील तर वर्षभरात ४०,००० चा खर्च येणार, आणि तो टळला तर आजच्या किमतीत ३५,७०० चा फायदा. तेवढ्यावर एलईडी घेणं योग्य ठरलं असतं. बल्ब नुकतेच बदललेले असतील तर सात वर्षांत टळण्याजोगा खर्चच नाही.

वायरमनने कपाटातून वही काढली, कडेला तेलाचे डाग पडलेली. गोदामातल्या २० पैकी १७ बल्बांपुढे मागच्या वर्षीच्या दिवाळीची तारीख होती.

गोदाम तसंच ठेवलं. शॉपमधून उतरवलेल्या फिटिंगपैकी चांगले चोक आणि अलीकडेच बसवलेले नऊ बल्ब वायरमनने पुठ्ठ्याच्या खोक्यांत घालून गोदामासाठी बाजूला काढले. बाकीचे बल्ब भंगारवाल्याच्या गाडीत टाकू दिले नाहीत. त्यांच्यात पारा असतो, म्हणून ते नोंदणीकृत रीसायकलरकडे गेले.