करारातली बारीक अक्षरं – लेखांक 7 : फ्रँचायझीची अनामत परत मागताना

मागच्या लेखात आपण फ्रँचायझीची फी पाहिली. आज अनामत. या दोन रकमा एकाच दिवशी, बहुतेक वेळा एकाच धनादेशाने दिल्या जातात आणि देणाऱ्याच्या डोक्यात त्यांची सरमिसळ होते. कायद्याच्या लेखी मात्र त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. फी ही कशाची तरी किंमत असते. अनामत तुमचीच असते, ती फक्त समोरच्याकडे ठेवलेली असते.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. सगळी भिस्त 1872 च्या भारतीय करार कायद्यावर. त्यामुळे अनामतीचा सर्वात उपयोगी निकाल चहाच्या किंवा बालवाडीच्या साखळीचा नसून बटाट्यांचा आहे. मौला बक्ष या कंत्राटदाराने 1947 मध्ये लष्कराच्या यू.पी. विभागाला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासळी पुरवण्याचे दोन करार केले आणि मिळून 18,500 रुपये अनामत ठेवली. माल वेळेवर पुरवणं त्याला जमलं नाही. सरकारने करार रद्द केले आणि अनामत जप्त केली. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत करायला लावली. बटाटे आणि अंडी बाजारात दुसरीकडे घेता येत होती. ती घेताना किती जादा पैसे गेले, याचा पुरावा सरकारने दिलाच नाही. नुकसान दाखवता येत असून दाखवलं नाही, तर केवळ करारात लिहिलंय म्हणून अनामत खिशात घालता येत नाही. पुढे 2015 मध्ये कैलाशनाथ विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात हेच आणखी ठाम झालं.

इथे करार मोडणारा मौला बक्षच होता, हे ध्यानात घ्या. चुकलेल्या माणसालाही पैसे परत मिळाले. मग जिथे कंपनीच चुकली आहे, तिथे फ्रँचायझी घेणाऱ्याची बाजू किती भक्कम असायला हवी! तरीही असे दावे ढिले पडतात. कारण बहुतेक वेळा कायद्यात नसतं, मधल्या सहा-आठ महिन्यांच्या गप्प बसण्यात असतं.

समजा, अकोल्याच्या जठारपेठेत एका बाईंनी पुण्याच्या कंपनीची चहाची फ्रँचायझी घेतली. फी चार लाख, ‘परत न मिळणारी’. अनामत दोन लाख, ‘करार संपल्यावर परत’. कंपनीने तीन गोष्टी कबूल केल्या: दुकान उघडण्याआधी पुण्यात सात दिवसांचं प्रशिक्षण, सुरुवातीचे पंधरा दिवस दुकानात कंपनीचा माणूस, आणि मागणी नोंदवल्यापासून चार दिवसांत मसाला व कप. प्रत्यक्षात पुण्याची तारीख दोनदा पुढे गेली आणि शेवटी मोबाइलवर व्हिडिओ आले. माणूस उद्घाटनाला आला, पेढे खाऊन रात्रीच्या गाडीने परतला. मसाला दहा-बारा दिवसांनी यायचा. बाईंनी फोनवर तक्रारी केल्या, ‘पाहतो मॅडम’ ऐकलं आणि आठ महिन्यांनी शटर ओढलं. कंपनीचं पत्र आलं: नव्वद दिवसांची सूचना न देता दुकान बंद केलं, सबब अनामत जप्त.

आता करार कायद्याचं कलम 55 पाहा. ठरलेल्या वेळेनंतर आलेला माल तुम्ही स्वीकारला आणि स्वीकारताना भरपाईचा हक्क राखून ठेवत असल्याचं कळवलं नाही, तर उशिराबद्दलची भरपाई मागता येत नाही. कलम 39 चंही तसंच. समोरच्याने करार पाळायला नकार दिला तर तुम्ही तो संपवू शकता, पण बोलण्यातून किंवा वागण्यातून ‘चालू द्या’ असं दाखवलं नसेल तरच. म्हणजे दर खेपेला मसाला उतरवून घेताना एक ओळीचा ईमेल हवा होता: माल अमुक तारखेला, इतक्या दिवसांच्या उशिराने मिळाला; नुकसानभरपाईचा हक्क राखून स्वीकारत आहे. फोनवरची तक्रार कितीही पोटतिडकीची असली तरी तिचा कागद होत नाही.

प्रशिक्षणाबाबत दुसरा सापळा असतो. दुकानाचा ताबा देताना कंपनी पाच-सहा फॉर्म पुढे करते. त्यात एकावर ‘प्रशिक्षण समाधानकारकरीत्या पूर्ण’ असं छापलेलं असतं आणि उद्घाटनाच्या गडबडीत सही होऊन जाते. ही एक सही असली तर बाकीचा दावा लंगडा होतो. सही करायचीच तर बाजूला हाताने लिहावं: ‘पुण्यातलं सात दिवसांचं प्रशिक्षण बाकी आहे.’ आणि मूळ करारात ‘कंपनी प्रशिक्षण देईल’ असं आहे की ‘कंपनीला योग्य वाटेल तसं देईल’, हे पैसे देण्याआधीच पाहायचं असतं. दुसऱ्या वाक्यातून वचन हाती लागत नाही.

आमच्या उदाहरणातल्या बाईंनी तशी सही केली नव्हती आणि व्हॉट्सॲपवर मागणीच्या तारखा शिल्लक होत्या. तेवढ्यावर उभं राहता येतं. मागणीची तारीख आणि माल पोचल्याची पावती समोरासमोर मांडली की उशीर आपोआप दिसतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार या संदेशांना प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून तो फोन विकू नये, संदेश पुसू नयेत.

अनामत परत मागायची तर आधी पाटी उतरवून तिचा फोटो काढावा, उरलेला माल मोजून परत करावा. नाहीतर ‘आमचं नाव अजून वापरताय’ हे उत्तर तयार असतं. मग कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावर नोटीस: कुठलं वचन, कुठल्या तारखेला मोडलं, म्हणून करार संपवत आहे, अनामत पंधरा दिवसांत व्याजासह द्यावी. फीचं कलम वेगळं लिहावं. आठ महिने नाव वापरलं आहे, तेव्हा चारही लाख परत मिळतील असं मला वाटत नाही. न मिळालेल्या प्रशिक्षणापुरती भरपाई मात्र कलम 73 आणि 75 खाली मागता येते.

पुढचा टप्पा रकमेवर ठरतो. फ्रँचायझीचे करार 2015 च्या वाणिज्य न्यायालय कायद्यात नावानिशी आहेत. मागणी तीन लाखांची किंवा वर असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज करणं सक्तीचं आहे. तो न करता दाखल केलेला दावा फेटाळला जातो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये पाटील ऑटोमेशन प्रकरणात सांगितलं. कंपनी मध्यस्थीला फिरकलीच नाही तर तसा अहवाल मिळतो आणि दाव्याची वाट मोकळी होते. नुसते दोन लाख मागायचे असतील तर ही पायरी लागत नाही, साध्या दिवाणी न्यायालयात जाता येतं.

आता वऱ्हाडातल्या माणसाला खरंच टोचणारी गोष्ट. करारात ‘फक्त पुणे न्यायालय’ असेल आणि कंपनी पुण्याची असेल, तर अकोल्यात किंवा अमरावतीत दावा टिकणं अवघड. दोन ठिकाणी दावा होऊ शकत असेल तर त्यातलं एक करारात निवडता येतं, हे 1989 च्या ए.बी.सी. लॅमिनार्ट निकालापासून ठरलेलं आहे. मध्यस्थीही मग पुण्यालाच. दोन लाखांसाठी जठारपेठेतून शिवाजीनगरच्या कोर्टापर्यंत किती खेपा परवडतील, हे कंपनीने करार लिहितानाच ताडलेलं असतं. ग्राहक आयोगाची वाट पुष्कळ जण सुचवतात. तिथे व्यापारी हेतूची हरकत येतेच. केवळ पोटापाण्यासाठी, स्वतः राबून चालवलेलं दुकान होतं हे दाखवता आलं तरच आत शिरता येतं. चार नोकर आणि दुसरी शाखा असेल तर तो नाद सोडावा. पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रारही सहसा पुढे सरकत नाही, कारण सुरुवातीपासून फसवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं, नुसतं वचन मोडणं पुरत नाही.

मुदत तीन वर्षांची. ती वचन मोडल्यापासून मोजली जाते असं धरून चाला. मध्यस्थीत गेलेला काळ त्यातून वगळतात. ज्यांची दुकानं अजून चालू आहेत आणि माल उशिरा येतो आहे, त्यांनी तो हक्क राखणारा ईमेल पुढच्या खेपेपासून पाठवायला सुरुवात करावी.

(पुढील आठवड्यात : कंपनीच लवाद नेमणार, असं कलम असेल तर)