कागदावर हलवलेली इमारत

एक तीन मजली कारखाना डोळ्यांपुढे आणा. त्यात एक मोठी चाळणी बसवायची आहे. ती मिनिटाला ३०० वेळा आडवी पुढेमागे होते. कोणत्याही इमारतीला डोलण्याच्या स्वतःच्या ठरलेल्या गती असतात. त्यातली एखादी चाळणीच्या गतीला जुळली, तर छोटे छोटे धक्के साचत जातात आणि खांबांना तडे जाऊ लागतात. म्हणून अभियंत्याला इमारतीच्या सगळ्या गती नको असतात. ३००च्या सर्वांत जवळची कोणती, एवढंच त्याला हवं असतं. खऱ्या इमारतीच्या गणितात हजारो समीकरणं असतात आणि तितक्याच गती. त्या सगळ्या काढत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं. नेमकी हवी तीच बाहेर काढणारी एक सुंदर पद्धत आहे, आणि तीन मजल्यांवर ती हाताने करून पाहता येते.

तिन्ही मजल्यांचं वस्तुमान सारखं आणि खांबांचा ताठपणाही सारखा धरला, तर इमारतीचं मॅट्रिक्स असं होतं:

```
 2  -1   0
-1   2  -1
 0  -1   1
```

पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याला खालून-वरून दोन्हीकडचे खांब धरून ठेवतात, म्हणून तिथे २. सर्वांत वरच्याला फक्त खालचे, म्हणून १. उणे एक ही शेजारच्या मजल्याची ओढ. या मॅट्रिक्सची आयगेन मूल्यं म्हणजे इमारतीच्या नैसर्गिक गतींचे वर्ग. ताठपणा आणि वस्तुमान यांच्या मापात चाळणीच्या गतीचा वर्ग १.५ येतो असं समजू. मग प्रश्न एवढाच उरतो: १.५च्या सर्वांत जवळचं आयगेन मूल्य कोणतं?

पहिली पायरी म्हणजे कर्णावरच्या प्रत्येक आकड्यातून १.५ वजा करणं. यालाच शिफ्ट म्हणतात. उजवीकडे कोणतेही आकडे चालतात; आपण तिन्हीकडे १ घेऊ आणि समीकरणं सोडवू:

```
0.5x -    y        = 1
  -x + 0.5y -    z = 1
          -y - 0.5z = 1
```

उत्तर येतं ६, २ आणि −६. आपण इथे नुसती बेरीज-वजाबाकी केलेली नाही. ही समीकरणं म्हणजे चाळणीच्याच लयीत तिन्ही मजल्यांना सारखं ढकललं, तर प्रत्येक मजला किती डोलेल याचं उत्तर आहे. शिफ्ट केलेली समीकरणं सोडवणं म्हणजे इमारत त्या गतीने हलवून पाहणं. ज्या नैसर्गिक डोलाची गती चाळणीच्या गतीजवळ आहे तो फुगतो, दूरचे दबून राहतात. अनुनाद म्हणतात तो हाच, आणि या पद्धतीचं सगळं बळ त्यातच आहे.

आता या डोलावरून आयगेन मूल्याचा अंदाज करू. प्रमाण महत्त्वाचं असल्याने आकडे लहान करून ३, १, −३ घेऊ. लगतच्या मजल्यांतला फरक म्हणजे खांबांचं वाकणं: ३, −२, −४. त्यांच्या वर्गांची बेरीज २९. मजल्यांच्या हालचालींच्या वर्गांची बेरीज १९. भागाकार १.५२६. याला रॅले भागाकार म्हणतात.

पुढची पायरी तीच, फक्त आता उजवीकडे १, १, १ ऐवजी ३, १, −३ ठेवायचे. म्हणजे इमारतीने दाखवलेल्या आकारातच तिला पुन्हा ढकलायचं. उत्तर ५८, २६, −४६, आणि रॅले भागाकार १.५५४९१. आणखी एकदा केलं की आकार २६३, ११७, −२११ आणि मूल्य १.५५४९५८. खरं मूल्य पहिल्या सहा दशांश स्थळांपर्यंत हेच आहे. तीन वेळा समीकरणं सोडवली, आणि काम झालं.

इतकं झपाट्याने कसं जमलं? या इमारतीची आयगेन मूल्यं ०.१९८, १.५५५ आणि ३.२४७. शिफ्टपासून जवळचं ०.०५५ अंतरावर, त्याच्यानंतरचं १.३ अंतरावर. समीकरणं सोडवताना प्रत्येक डोल आपल्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, त्यामुळे प्रत्येक फेरीत नको असलेल्या डोलाचा वाटा सुमारे चोविसाव्या हिश्शावर येतो. प्रत्यक्षात उलटं मॅट्रिक्स कुणी काढत नाही. शिफ्ट केलेलं मॅट्रिक्स एकदाच त्रिकोणी रूपात आणून ठेवायचं, मग प्रत्येक फेरी स्वस्तात होते.

हेल्मुट वीलांट या जर्मन गणितज्ञाने १९४४ मध्ये ही पद्धत मांडली. त्या वेळी तो ग्योटिंगेनच्या वायुगतिकी संशोधन संस्थेत कंपनांच्या प्रश्नांवर काम करत होता; विमानाचे पंख ठरावीक वेगाला थरथरू लागतात, तो प्रश्न त्यांपैकीच.

पद्धत पसरली तशी एक शंकाही पसरली. शिफ्ट आयगेन मूल्याच्या जितकी जवळ, तितकी समीकरणं नाजूक होतात आणि उत्तराचे आकडे प्रचंड वाढतात. मग संगणकातली शेवटच्या अंकाची चूकही तितकीच फुगणार नाही का? फुगते, हे खरं. पण चूकसुद्धा त्याच अनुनादात सापडते आणि आपल्याला हव्या असलेल्या आकारातच फुगते. आकड्यांचा मोठेपणा चुकला तरी त्यांचं आपसातलं प्रमाण बरोबर राहतं, आणि आपल्याला प्रमाणच हवं असतं. जी. पीटर्स आणि जेम्स विल्किन्सन यांनी १९७९च्या निबंधात हे नीट उलगडून दाखवलं. संगणकीय गणितातल्या इतक्या समाधान देणाऱ्या गोष्टी मला थोड्याच माहीत आहेत.

अडचण वेगळ्याच जागी येते. शिफ्ट दोन मूल्यांच्या बरोबर मध्ये पडली, आपल्या उदाहरणात ०.८७६५ जवळ, तर दोन्ही डोल सारखेच वाढतात आणि आकार स्थिर होत नाही. तसं दिसलं की शिफ्ट थोडी सरकवावी. सुरुवातीचा धक्काही चुकीचा असू शकतो. सममित इमारतीला बरोबर मधोमध ढकललं तर तिचा पीळ पडणारा डोल जागाच होत नाही. म्हणून सुरुवातीला मनाला येतील ते वेडेवाकडे आकडे घेतात. काही जण प्रत्येक फेरीत ताजा रॅले भागाकारच नवी शिफ्ट म्हणून वापरतात. त्याने वेग खूप वाढतो, पण शिफ्ट भरकटून दुसऱ्याच मूल्यावर जाऊन बसू शकते, आणि 'सर्वांत जवळचं' ही हमी जाते.

मग मिळालेलं मूल्य खरोखरच सर्वांत जवळचं आहे, हे कसं ताडायचं? याचं उत्तर त्रिकोणी रूप करतानाच हाती आलेलं असतं. ओळींची अदलाबदल न करता ते केलं, तर कर्णावर जितके उणे आकडे येतात तितकी आयगेन मूल्यं शिफ्टच्या खाली असतात. १.५ला कर्णावर येतात ०.५, −१.५ आणि ०.१६७, म्हणजे खाली एकच मूल्य. १.४ला केलं तरी एकच. १.६ला मात्र दोन उणे. तेव्हा १.४ ते १.६ या पट्ट्यात नेमकं एक मूल्य आहे, आणि आपल्याला मिळालं ते तेच.

१.५५५ला १.५ने भागून वर्गमूळ घेतलं की १.०१८ येतं. म्हणजे इमारतीची ती गती मिनिटाला सुमारे ३०५. चाळणी ३००ची, इतकी जवळीक चालणार नाही. खांबांचा ताठपणा सगळीकडे वीस टक्क्यांनी वाढवला तर गती सुमारे ३३५ वर जाते. तेवढा खर्च परवडत नसेल, तर मिळालेला आकार पुन्हा पाहावा: २६३, ११७, −२११. या डोलात दुसरा मजला सर्वांत कमी हलतो. चाळणी पहिल्याऐवजी तिथे बसवली, तर तोच धक्का हा डोल निम्म्याहूनही कमी जागा करेल.