पेन इथे, पॉइंटर तिथे

स्क्रीन असलेल्या टॅबलेटवर पेन टेकवावं आणि पॉइंटर भलतीकडेच उमटावा, तेव्हा बहुधा पेन बिघडलेलं नसतं. ड्रायव्हरने टॅबलेटचा पृष्ठभाग दोन्ही मॉनिटरवर ताणून बसवलेला असतो. समजा, टॅबलेट उजवीकडे आणि तेवढ्याच रुंदीचा मॉनिटर डावीकडे आहे. टॅबलेटच्या मधोमध पेन टेकवलं, की पॉइंटर दोघांच्या सीमेवर जातो. उजव्या कडेला चूक शून्य, डावीकडे सरकावं तशी ती वाढते; खूण हीच. मग मॅपिंगमध्ये फक्त टॅबलेटची स्क्रीन निवडा. सगळीकडे सारखंच अंतर पडत असेल, तरच कॅलिब्रेशन करा.

बिनस्क्रीनच्या टॅबलेटचं दुखणं वेगळं. १६:१० पृष्ठभाग १६:९ मॉनिटरवर बसवला, की वर्तुळाची उंची १० टक्के घटते, ते आडवं पसरतं. सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवा. टॅबलेटची एक पट्टी वापराबाहेर जाते, पण वर्तुळ वर्तुळच राहतं.