‘औदुंबर’चे रसग्रहण लिहिताना

रसग्रहणाच्या प्रश्नात बहुतेक मुले कवितेचा ओळीओळीने अर्थ लिहितात. उत्तर लांब होते, पण कविता सुंदर का वाटते हे त्यात येतच नाही. बालकवींची ‘औदुंबर’ घेऊन ही मांडणी चार टप्प्यांत पाहू. कविता अवघ्या आठ ओळींची, म्हणून सोयीची.

१. मध्यवर्ती कल्पना. कविता दोनदा वाचून एकच वाक्य लिहा. ‘यात निसर्गवर्णन आहे’ हा झाला विषय. त्यातून कवी काय सुचवतो, ती कल्पना. उदाहरणार्थ : ‘हिरव्या, प्रसन्न निसर्गातून फिरणारी नजर शेवटी एका गूढ, स्तब्ध शांततेपाशी येऊन थांबते.’ पुढचे सारे उत्तर या वाक्याला धरून लिहायचे.

२. अभिव्यक्ती. इथे अलंकारांची यादी नको. प्रत्येक वैशिष्ट्याने काय साधले, ते सांगा. या कवितेत रंग क्रमाने बदलतात : झऱ्याचा निळा, शेतांचा हिरवा, पायवाटेचा पांढरा आणि शेवटी डोहाचा काळा. पायवाट वाचकालाही डोहाकडे घेऊन जाते. तिथे पाण्यात पाय सोडून झाड बसले आहे. ही चेतनगुणोक्ती, पण नाव लिहून थांबू नका. ‘त्यामुळे झाड विचारात गढलेल्या माणसासारखे भासते’ हे पुढचे वाक्य लिहिले, तरच मुद्दा पुरा होतो.

३. भावना. नुसते ‘शांत रस’ लिहिणे अपुरे आहे. भाव कुठे वळतो ते दाखवा. सुरुवातीचा प्रसन्नपणा डोहापाशी गंभीर होतो. पण कवीने तिथल्या काळोखाला गोड म्हटले आहे, त्यामुळे त्याची भीती वाटत नाही. भावनेचा असा पुरावा कवितेतूनच द्यावा.

४. स्वतःचा प्रतिसाद. ‘ही कविता मला फार आवडली’ हे वाक्य कोणत्याही कवितेखाली चालते, म्हणून त्याला वजन नाही. कवितेतली एक जागा निवडा आणि कारण द्या : ‘कवीने झाडाचे दुःख किंवा आनंद काहीच सांगितलेला नाही. ते तिथे का बसले असेल, हा प्रश्न माझ्या मनात राहतो, म्हणून शेवट मला सर्वांत आवडतो.’ एखाद्याला तेच झाड उदास वाटेल, दुसऱ्याला विरक्त. कवितेत आधार दाखवला, तर दोन्ही मते ग्राह्य आहेत. मात्र कवितेत नसलेला वृक्षतोडीचा संदेश तिच्यावर लादू नये.

पहिल्या टप्प्याला दोन-तीन वाक्ये पुरतात. अधिक जागा अभिव्यक्तीला द्या. लिहून झाल्यावर कवितेचे नाव झाकून उत्तर वाचा. जे वाक्य दुसऱ्या कवितेलाही लागू पडेल, ते खोडा आणि तिथे ‘औदुंबर’मधला एखादा तपशील लिहा.