पत्त्यांतून चढणारं पाणी

पंचगंगेकाठचे लोक पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरचं पाणी फुटांत मोजतात. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. नदीकाठच्या गावाचा पटावरचा खेळ करायला घेतला तेव्हा मला ही चढती पट्टीच हवी होती. खेळाडू सगळे एका बाजूला, पाणी दुसऱ्या बाजूला. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे.

पटावर गावातल्या 20 जागा मांडल्या: घाट, मळी, दूध डेअरी, तालीम, देऊळ. प्रत्येक जागेचा एक पत्ता. खेळाडूची पाळी संपली की पाण्याच्या गठ्ठ्यातले दोन पत्ते उलटायचे. ज्या जागेचा पत्ता निघेल ती ओली. तोच पत्ता पुन्हा निघाला तर जागा बुडाली, पत्ता बाद. आठ कुटुंबं टेकडीवरच्या शाळेत पोचली की गाव वाचलं.

खेळाडूंच्या गठ्ठ्यात तीन पत्ते 'पाणी वाढलं' असे. तो आला की पट्टी एक घर वर, म्हणजे पुढे दोनाऐवजी तीन पत्ते उलटायचे. शिवाय आधी निघालेले पत्ते पिसून गठ्ठ्याच्या वर ठेवायचे. आधी मी ते सगळ्या गठ्ठ्यात मिसळत असे. त्यामुळे पाणी कधी घाटावर, कधी देवळात भलतीकडेच फिरे, आणि खेळाडू पुढचा विचारच करीनात. वर ठेवल्यावर ओली जागाच पुन्हा धोक्यात येते, आणि "आधी मळी वाचवू की डेअरी?" यावर भांडण जुंपतं. ही युक्ती मॅट लीकॉकची. 2008 च्या 'पँडेमिक'मध्ये तिनं रोग पसरतो, 2010 च्या 'फॉरबिडन आयलंड'मध्ये बेट बुडतं.

आता हिशेब बघा. चार खेळाडू, पाळीला प्रत्येकी तीन कामं: चालणं, पोती रचून ओली जागा कोरडी करणं, कुटुंब हलवणं. म्हणजे फेरीला 12 कामं. सुरुवातीला पाणी फेरीला आठ पत्ते उलटतं, तेव्हा हात मोकळे असतात. पट्टी तीनवर गेली की 12 पत्ते, बरोबरी. चारवर 16. त्यानंतर पोती रचत बसलेला गट हरतोच. तोपर्यंत बहुतेक कुटुंबं निघालेली हवीत. शिवाय बुडालेल्या जागांचे पत्ते बाद होत असल्यानं गठ्ठा पातळ होतो आणि उरलेल्या जागांची पाळी लवकर येते.

एक खोट मात्र बरेच दिवस सुटेना. तिन्ही 'पाणी वाढलं' पत्ते कधी लागोपाठ येत आणि डाव दोन फेऱ्यांत संपे. मग खेळाडूंच्या गठ्ठ्याचे तीन सारखे भाग केले, प्रत्येकात एक पत्ता पिसला आणि भाग एकावर एक रचले. आता पाणी केव्हा वाढेल ते नेमकं कळत नाही, पण अंदाज बांधता येतो.

असा खेळ करून पाहायचा असेल तर छपाईची घाई करू नका. जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे कापून पत्ते करा आणि प्रत्येक डाव संपल्यावर पट्टी कुठल्या घरावर होती ते वहीत लिहा. दोनवरच हरत असाल तर पत्त्यांची मांडणी चुकली आहे. चारवर एखादं कुटुंब मागे राहून हरत असाल, तर मांडणी जमली.